कडक फेसाला दुप्पट साखर

शालूताई बराटे यांना कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं तर त्या सांगायच्या, "फेस काढते." ऐकणाऱ्याला वाटायचं, धुणंभांडी. त्या खुलासा करत नसत. ज्याला जाणून घ्यायचं असेल तो आणखी एक प्रश्न विचारेल, नाही तर जाईल, असा त्यांचा हिशेब.

मी त्यांच्याबरोबर कोथरूडच्या गोकर्ण बेकरीत चार वर्षं काम करतेय. मी पुढे काउंटरवर, त्या मागे भट्टीच्या खोलीत. बेकरीच्या दारावर पाटी होती: "अंड्याचे आणि बिनअंड्याचे पदार्थ वेगळ्या भट्ट्यांत होतात. कृपया रोज विचारू नये." ही पाटी मालक श्रीधरकाकांनी लावलेली. ते आता गुडघ्यांमुळे घरीच असतात आणि धंदा त्यांचा मुलगा दिग्विजय बघतो.

शालूताई वारज्याच्या. घरची शेती होती ती रस्त्यात आणि इमारतींत गेली, आणि लग्नानंतर तीनच वर्षांत नवरा गेला. तेविसाव्या वर्षी त्या बेकरीत अंडी फोडायला लागल्या. तेव्हाचे मुख्य कारागीर धोंडिबा. ते चमच्यांवर काम करत: एका अंड्याच्या पांढऱ्याला इतके चमचे साखर, की झालं. कधी फेस उत्तम यायचा, कधी पाणी सुटायचं. बिघडलं की धोंडिबा म्हणत, "आज हवा वाईट हाय."

शालूताईंना ते पटत नव्हतं. अंडी फोडायचं काम त्यांचंच असल्यामुळे त्यांना एक गोष्ट दिसत होती, जी धोंडिबांना दिसत नव्हती. लोणी काळभोरच्या बाजूने अंडी यायची. कोवळ्या कोंबड्यांची असली की लहान, एका अंड्यातून जेमतेम चोवीस-पंचवीस ग्रॅम पांढरं निघायचं. जुन्या कोंबड्यांची असली की पस्तीस. म्हणजे दहा पांढऱ्यांचं वजन कधी अडीचशे, कधी साडेतीनशे. आणि साखर मात्र दोन्ही वेळा तितकीच. "हवा कशाला वाईट असंल?" त्या मला सांगत होत्या. "हवेनं काय आमचं घोडं मारलंय?"

त्यांनी स्वतःसाठी एक छोटा वजनकाटा आणला. धोंडिबा हसले. वर्षभर त्या रोज वजन करून वहीत लिहीत राहिल्या, आणि शेवटी त्यांच्याकडे तीन ओळी उरल्या. मऊ फेसाला पांढऱ्याच्या वजनाइतकीच साखर. मधल्याला दीडपट. कडक फेसाला दुप्पट. अंडी मोजायची नाहीत, पांढरं तोलायचं.

बाहेरच्या जगात त्याला मरँग म्हणतात हे त्यांना फार पुढे कळलं. फरक पडला नाही. मऊ फेस लिंबाच्या टार्टवर लावून वरून भाजायचा आणि त्याच दिवशी संपवायचा, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली पाणी सुटतं. मधला केकवर नळीने काढायला, क्रीममध्ये मिसळायला. आणि कडक म्हणजे पांढऱ्या वाट्या: शंभर अंशांवर दोन-अडीच तास वाळवायच्या आणि भट्टी बंद करून आतच गार होऊ द्यायच्या. वाटीत क्रीम आणि फळं घालून आम्ही विकायचो. कोथरूडमध्ये त्या वाट्यांचं नाव होतं. टिचकी मारली की टणक आवाज यायचा, आणि जिभेवर ठेवली की विरघळायची.

साखर त्या एकदम घालत नसत. पांढरं आधी नुसतं फेसाळू द्यायचं, मग बारीक दळलेली साखर चमच्याचमच्याने. शेवटी फेसाचा ठिपका अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघायच्या. रवाळ लागलं की मशीन पुन्हा सुरू. भांड्याला तुपाचा हात लागलेला चालायचा नाही. पिवळ्याचा एक थेंब पडला तर त्या सगळं पांढरं बाजूला काढून कर्मचाऱ्यांच्या ऑम्लेटला द्यायच्या, आणि ज्याच्या हातून पडला त्यालाच ते ऑम्लेट करायला लावायच्या.

दिग्विजय परदेशातून कोर्स करून आला होता. मुलगा वाईट नव्हता. कष्टाळू होता, आम्हाला कधी वाकडं बोलला नाही. शालूताईंनी त्याला चौथीत असल्यापासून पाहिलेलं, त्यामुळे एरवी तो त्यांचा दिगू आणि भांडण झालं की शेठ. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो एक कागद घेऊन मागे आला. मी तेव्हा तिथे भरलेले ट्रे न्यायला गेले होते.

"शालूमावशी, उद्यापासून सगळ्या रेसिपीजमध्ये साखर अर्धी. लोकांना लो शुगर पाहिजे. आपण 'अर्धी साखर' अशी रेंज काढतोय."

शालूताईंनी कागद वाचला. "केकात कर. बिस्किटात कर. थोडं जमवावं लागंल, पण व्हईल. वाट्यांत न्हाय."

"का नाही?"

"वाटीत साखर गोडीसाठी नसतीय. ती भिंत हाय. भिंतीतनं अर्ध्या विटा काढून घर उभं ऱ्हातंय का?"

"मावशी, वन इज टू वनचंही मरँग असतंच की. तुम्हीच करता टार्टवर."

"करते. त्याला मी वाटी म्हणत न्हाय."

दिग्विजयने स्वतः करून दाखवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तीनशे ग्रॅम पांढरं आणि तीनशे ग्रॅम साखर घेतली. शालूताई हाताची घडी घालून बाजूला उभ्या राहिल्या. त्यांनी एका शब्दानेही मदत केली नाही आणि टोमणाही मारला नाही. फेस सुंदर दिसत होता, पांढराशुभ्र आणि हलका. पण पहिल्या ट्रेवर वाट्या काढून तो दुसऱ्या ट्रेकडे वळेपर्यंत पहिल्या वाट्यांच्या कडा बसायला लागल्या. नळीतून काढताना पडलेल्या चुण्यांची धार बोथट झाली. भट्टीतून निघाल्या तेव्हा काही आक्रसल्या होत्या, काही कडेला इतक्या भुसभुशीत की उचलताना बोट आत गेलं, आणि ज्या जाड होत्या त्या मध्ये चिवट. क्रीम घातल्यावर दहा मिनिटांत तळ ओला.

"आज ह्युमिडिटी असेल," दिग्विजय म्हणाला.

डिसेंबर होता. आमच्या सगळ्यांचे ओठ फुटले होते.

मग शालूताईंनी एक गोष्ट केली, जी मी अजून विसरले नाही. त्यांनी त्याच्या सगळ्या वाट्या, चुऱ्यासकट, काट्यावर ठेवल्या. साडेतीनशेच्या आतबाहेर भरल्या. "सहाशे गेलं आत, साडेतीनशे आलं भाहेर. उडालं ते पाणी. साखर उडत न्हाय शेठ, ती हितंच हाय, तीनशे." मग आपल्या पद्धतीच्या, आदल्या दिवशीच्या वाट्या तोलल्या. त्यांच्यात तीनशे पांढरं आणि सहाशे साखर गेली होती, बाहेर आल्या साडेसहाशेला थोड्या कमी. "माझ्यात शंभरातली नव्वदच्या वर साखर. तुझ्यात पंच्याऐंशीच्या वर. वजनावर इकशील तर ह्यातलं अर्धं काय झालं, ते तूच सांग."

मला वाटलं विषय संपला.

तो संपला नव्हता. स्टिकर छापून आले होते. हिरव्या पानाचं चित्र आणि खाली "अर्धी साखर". संध्याकाळी त्याने मला बोलावलं आणि स्टिकरचं बंडल हातात दिलं. "अस्मिता, वाट्यांच्या खोक्यांना हे लाव. वाट्या मावशींच्या पद्धतीनेच होतील."

"पण सर, मग साखर अर्धी कुठे आहे?"

"टेम्पररी आहे. महिन्याभरात मी फॉर्म्युला बसवतो. मार्केटला पोझिशन आत्ता घ्यावी लागते."

मी लावले. हे मी लपवणार नाही. बत्तीस खोक्यांना मी माझ्या हाताने ते स्टिकर लावले, सरळ रेषेत, कोपरे दाबून.

आठवड्याने मंदाकिनीबाई आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्याच चौकापलीकडच्या सोसायटीत राहणाऱ्या, आणि तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षा. त्यांनी खोकं हातात घेऊन स्टिकर चष्म्याखालून आणि चष्म्यावरून, दोन्हीकडून वाचलं.

"अर्धी साखर. खरं का?"

मी बाजूला बघितलं. दिग्विजय शेजारीच होता. "हो बाई. खास सीनियर्ससाठीच म्हणा ना."

"उद्या पाच वाजता आमचं वार्षिक संमेलन आहे. ऐंशी माणसं. त्यातल्या निम्म्यांना मधुमेह आणि उरलेल्यांना तो असल्याचं अजून कळलेलं नाही. एरवी बिचारे नुसते बघत बसतात. ऐंशी वाट्या द्या."

मी ऑर्डर लिहून मागे गेले. शालूताई भांडी पुसत होत्या. मी चिठ्ठी दिली. त्यांनी विचारलं, "एवढ्या? कुनाकडं?" मी सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, स्टिकरचंही सांगितलं. खोकी पुढे काउंटरवर भरली जायची, मागच्या खोलीत येत नसत. त्यांना माहीतच नव्हतं.

"वाच," त्या म्हणाल्या. मी एक खोकं आणून वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत होतं, पण त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

त्यांनी हात पुसले आणि ॲप्रनसकट दुकानात आल्या. एकतीस वर्षांत त्या गिऱ्हाइकासमोर कधी आल्या नव्हत्या. मंदाकिनीबाई पिशवीत पावती ठेवत होत्या.

"बाई, थांबा. त्या वाट्या मी करते. त्यात साखर अर्धी न्हाय. दुप्पट हाय."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. सगळे थांबले.

"मावशी, आत जा," दिग्विजय हळू आवाजात म्हणाला.

"न्हाय जात."

"मावशी, आपण नंतर बोलू."

"नंतर बोलून काय? नंतर त्यांनी खाल्लेलं असंल." त्या पुन्हा बाईंकडे वळल्या. "शंभर ग्रॅम अंड्याच्या पांढऱ्याला दोनशे ग्रॅम साखर. त्याबिगर कडक फेस हुतच न्हाय. ह्यो कागद खोटा हाय."

मंदाकिनीबाईंनी खोकं काउंटरवर ठेवलं. "म्हणजे आम्हाला गोड बोलून गोड खाऊ घालायचा बेत होता तर." दिग्विजयकडे पाहून त्या पुढे म्हणाल्या, "आपण माझ्या शाळेत नव्हतात हे माझं सुदैव." आणि मग शालूताईंना, "मग आता आमच्या ऐंशी माणसांनी काय खावं? पपई?"

"खावा की वाटी," शालूताई म्हणाल्या. "पन ल्हान. लिंबाएवढी. बारा ग्रॅमची करीन. त्यात अकरा ग्रॅम साखर येनार, सपाट चमच्यानं पावनेतीन चमचे. आत क्रीम न्हाय, बिनसाखरेचा आंबट चक्का आन् वर स्ट्रॉबेरी. ज्याला चालतंय त्यानं खावी, ज्याला न्हाय त्यानं नुसता चक्का खावा. पन आकडा लिहून देनार. त्यांच्या डॉक्टरला इचारून ठरवूं द्या."

बाईंनी काउंटरवरचं खोकं बाजूला सारलं. "सांगून दिलेली साखर आम्ही मोजून खाऊ. करा. मात्र आकडा मोठ्या अक्षरात. आमच्यात चष्मा घरी विसरणारे फार."

गिऱ्हाइकं गेली आणि दिग्विजयचा आवाज चढला. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, तुम्ही माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर माझं नाक कापलंत. ही ऑर्डर इथे होणार नाही. तुम्ही घरी जा, आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नका.

"जाते," शालूताई म्हणाल्या. "पन ऑर्डर व्हनार. शब्द मी दिलाय, तू न्हाय."

त्यांनी कपाटातून आपला वजनकाटा काढला, फडक्यात गुंडाळला आणि निघाल्या. मी त्यांच्या मागे निघाले नाही. मी दुकान बंद होईपर्यंत काउंटरवर उभी राहिले आणि घरी जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझी स्कूटर बेकरीच्या वळणावर वळलीच नाही. सरळ वारज्याला गेली.

शालूताईंचं घर दोन खोल्यांचं. ओट्यावर एक लहान विजेची भट्टी, भाचीच्या लग्नातल्या आहेरातून उरलेली. शेजारून फेटायचं छोटं यंत्र आणलेलं. त्यांना मला बघून आश्चर्य वाटलं नाही. "हात धू. साबनानं, दोनदा. आन् साखर मिक्सरमधनं काढ."

सोळा अंडी फोडली. लहान होती. काट्यावर पांढरं साडेचारशे भरलं, ते दोन भागांत वाटलं: सव्वादोनशे आणि सव्वादोनशे. प्रत्येकाला साडेचारशे ग्रॅम साखर, आणि लिंबाचे दोन थेंब. मी दळलेली साखर चमच्याने सोडत होते आणि घाई करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "पांढऱ्याला पचूं दे." हळूहळू फेस चकाकायला लागला, जड झाला. त्यांनी बोटांत चोळून बघितला, मान हलवली. मग भांडं माझ्या डोक्यावर उलटं धरलं. मी डोळे मिटले. काही पडलं नाही. सकाळभरात त्या एकदाच हसल्या, ती हीच वेळ.

चाळीस वाट्या दोन थरांत बसल्या. शंभर अंश, दोन तास. दुसऱ्या भागाचा फेस आधी काढून ठेवायचा नाही, भट्टी मोकळी व्हायच्या सुमारासच फेटायचा, म्हणून आम्ही मधल्या वेळात चक्का घोटला. अकरा वाजता वीज गेली. मी रडायच्या बेतात आले. "दार उघडूं नको," त्या म्हणाल्या. "गरम हाय आत. वाळतंय." पंचवीस मिनिटांनी वीज आली. तेवढी मिनिटं त्यांनी पुढे वाढवून दिली. सोळा पिवळ्यांची भुर्जी करून त्यांनी चाळीतल्या चार घरांत वाटली.

साडेचारला आम्ही स्कूटरवरून निघालो, त्या मागे, मांडीवर वाट्यांचे दोन पत्र्याचे डबे, पुढे हुकाला चक्का आणि स्ट्रॉबेरीची पिशवी. डब्यांवर मी जाड पेनाने लिहिलं होतं: "एका वाटीत अकरा ग्रॅम साखर. चक्क्यात साखर नाही." संघाच्या सभागृहात मंदाकिनीबाईंनी तो मजकूर माईकवरून वाचला आणि वर म्हणाल्या, "दुसरी वाटी घेताना मी बघणार आहे." एकवीस जणांनी नुसता चक्का घेतला. बाकीच्यांनी एकेक वाटी हातात धरून, टिचकी मारून, सावकाश खाल्ली. एका आजोबांनी शालूताईंना विचारलं, "यात काय काय असतं हो?" त्यांनी सांगितलं, "अंड्याचं पांढरं आन् साखर. बस." आजोबांना खरं वाटेना.

दहा दिवसांनी दिग्विजय वारज्याला आला. मी तिथेच होते, शेजारच्या बारशाची ऑर्डर होती. तो दारात उभा राहिला. म्हणाला, बाबांना कळलं, ते चार दिवस माझ्याशी बोलत नाहीयेत. मग म्हणाला, त्यासाठी नाही आलो. मग थोडं थांबून, "मी सव्वापट केलं, दीडपट केलं, पावणेदोनपटही केलं. दीडपटीच्या वाट्या उभ्या राहतात पण दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. पावणेदोनपटीच्या बऱ्या, पण तुमच्यासारख्या नाहीत."

"लिहून ठेवलंस?"

"हो."

"बरं केलंस." त्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही. "स्टिकर?"

"काढले. सगळे. मी स्वतः."

"आन् लोकांना काय सांगितलं?"

"अजून काही नाही."

"मग ते सांग आधी," शालूताई म्हणाल्या. "दारावर लिही, तुझ्या बापानं पाटी लावली तशी. मग मी येईन. आन् येईन तवा खोक्यावर काय छापायचं ते आधी मला दावायचं. मंजूर नसंल तर माझी भट्टी हितं हाय."

"मावशी, पाटी लावली तर लोक हसतील."

"हसूं दे. हसून कुनाची साखर वाढत न्हाय."

तो गेला. मला वाटलं तो परत येणार नाही. चार दिवसांनी श्रीधरकाकांच्या पाटीशेजारी एक नवीन कागद लागला: "मरँगच्या खोक्यांवर 'अर्धी साखर' असे लिहिले होते. ते खोटे होते. क्षमस्व. – दिग्विजय." मंदाकिनीबाईंनी तो वाचला आणि 'क्षमस्व' शुद्ध लिहिल्याबद्दल त्याचं काउंटरवर अभिनंदन केलं. काही गिऱ्हाइकं तुटली, ती तुटलीच. शालूताई सोमवारी आल्या, आणि मीही.

आता त्यांची छापखान्याशीही भांडणं होतात, कारण प्रत्येक मजकूर त्या मोठ्याने वाचून घेतात. दिग्विजय चिडतो, पण दाखवतो.

परवा तो बिनअंड्याच्या भट्टीसाठी नवीन खूळ घेऊन आला. छोले शिजवलेलं पाणी आटवून फेटलं की त्याचाही फेस होतो म्हणे. शालूताईंनी ते पाणी हुंगलं, नाक मुरडलं.

"ह्यात पांढरं कुठंय?"

"नाहीये. पण प्रोटीन आहे, मावशी. फेस धरतं. साखर किती घालायची तेवढं सांगा."

"मला काय ठावं? म्या कधी केलंय?" असं म्हणत त्यांनी काटा पुढे ओढला आणि त्या पाण्याची वाटी त्यावर ठेवली. "आधी तोल. मग भांडू."